फराळाचा सरासरी दर ५५० की ४६४? AVERAGEIF बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला आमचा बायकांचा बचत गट आहे. वर्षभर मसाले, पिठं, लोणची आणि दिवाळीत फराळ. हिशोबाची शीट माझ्याकडे असते, त्यामुळे प्रश्नही माझ्याकडेच येतात, बहुतेक वेळा रात्री साडेदहाला, भांडी आटोपल्यावर. त्यातले बरेच एक्सेलमधल्या AVERAGEIF या फंक्शनबद्दलचे असतात, आणि नीट पाहिलं तर सगळे एकाच जागी येऊन थांबतात: बेरजेला भागलं कितीने? म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

सगळी उदाहरणं खालच्या दहा ओळींवर आहेत. पहिली ओळ शीर्षकांची, माल दुसऱ्या ओळीपासून अकराव्या ओळीपर्यंत. इथे वाचायला अंक देवनागरीत दिले आहेत, शीटमध्ये आम्ही इंग्रजी अंकच टाकतो.

| ओळ | A प्रकार | B वस्तू | C दर (₹ किलोला) | D विकलेले किलो | E रक्कम |
|---|---|---|---|---|---|
| २ | फराळ | भाजणीची चकली | ४८० | १० | ४,८०० |
| ३ | मसाले | गोडा मसाला | ८०० | ३ | २,४०० |
| ४ | फराळ | पोह्यांचा चिवडा | ३६० | २० | ७,२०० |
| ५ | लोणची | कैरीचं लोणचं | ३२० | ५ | १,६०० |
| ६ | फराळ | बेसन लाडू | ६४० | ८ | ५,१२० |
| ७ | मसाले | मालवणी मसाला | ९०० | ४ | ३,६०० |
| ८ | पीठ | थालीपीठ भाजणी | १८० | १२ | २,१६० |
| ९ | फराळ | अनारसे | ७२० | २ | १,४४० |
| १० | मसाले | कांदा लसूण मसाला | ६०० | ८ | ४,८०० |
| ११ | पीठ | मेतकूट | ३४० | ३ | १,०२० |

AVERAGEIF नेमकं करतं काय?

तीन कामं, एकामागून एक. A कॉलममध्ये वरून खाली जात तुम्ही सांगितलेला प्रकार कुठल्या ओळींत आहे ते बघतं. त्या ओळींतले C कॉलमचे आकडे उचलून बेरीज करतं. आणि जितके आकडे उचलले तितक्याने भागतं. फराळाच्या ओळी चार, त्यांचे दर ४८०, ३६०, ६४० आणि ७२०. बेरीज २,२००, भागिले ४, उत्तर ५५०.

एक्सेलमध्ये हे फंक्शन २००७ च्या आवृत्तीपासून आहे. त्याआधी लोक SUMIF ने काढलेल्या बेरजेला COUNTIF ने मोजलेल्या ओळींनी भागायचे, आणि समजून घ्यायला मला आजही तीच रीत बरी वाटते, कारण तिथे भाजक डोळ्यांसमोर असतो. AVERAGEIF मध्ये तो आत लपलेला असतो.

फॉर्म्युला कसा लिहायचा?

G2 ते G5 मध्ये चार प्रकारांची नावं एकाखाली एक लिहा: फराळ, लोणची, मसाले, पीठ. मग H2 मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=AVERAGEIF($A$2:$A$11,G2,$C$2:$C$11)
```

पहिली जागा प्रकार शोधायच्या कॉलमची, दुसरी शोधायच्या नावाची, तिसरी दरांची. उत्तरं येतील ५५०, ३२०, ७६६.६७ आणि २६०. गूगल शीट्समध्ये, मोबाइलवरही, हाच फॉर्म्युला चालतो.

G2 ऐवजी थेट "फराळ" असं अवतरणात लिहिता येतं, पण मी लिहीत नाही. फॉर्म्युला व्हॉट्सॲपवरून पाठवला की सरळ अवतरणचिन्हांची कधी कधी वाकडी होतात, आणि मग तो चालत नाही. नाव सेलमध्ये असलं की ही अडचणच उरत नाही.

ताई, खाली ओढल्यावर मसाल्यांचे ७५० आले. तुमच्याकडे ७६६.६७ कसे?

डॉलरची चिन्हं राहिली असणार. ती नसतील तर एक ओळ खाली ओढताना रेंजही एक ओळ खाली सरकते. H4 ला पोहोचेपर्यंत A2:A11 ची A4:A13 झालेली असते. तिसऱ्या ओळीतला गोडा मसाला त्यातून बाहेर पडला, मागे राहिले ९०० आणि ६००, म्हणून ७५०. एरर येत नाही, आकडाही पटण्यासारखा दिसतो, हीच यातली वाईट गोष्ट. कॉम्प्युटरवर रेंज निवडून F4 दाबलं की डॉलर आपोआप लागतात.

खाली रोज नव्या ओळी भरत असाल तर पूर्ण कॉलमच द्या:

```
=AVERAGEIF($A:$A,G2,$C:$C)
```

शीर्षकाची ओळ आड येत नाही, कारण तिचं नाव कुठल्याच प्रकाराशी जुळत नाही. फक्त हा फॉर्म्युला स्वतः A किंवा C कॉलममध्ये लिहू नका, नाहीतर तो स्वतःलाच मोजायला जाईल.

दोन्ही रेंज सारख्या मापाच्या असल्या की झालं ना?

माप सारखं असून भागत नाही, सुरुवातही एकाच ओळीतून हवी. समजा A2:A11 च्या जोडीला चुकून C3:C12 दिलं. दोन्हीकडे दहा-दहा सेल आहेत. पण आता चकलीच्या ओळीसाठी गोड्या मसाल्याचा दर उचलला जातो, चिवड्यासाठी लोणच्याचा, लाडवांसाठी मालवणी मसाल्याचा आणि अनारशांसाठी कांदा लसूण मसाल्याचा. ८००, ३२०, ९०० आणि ६००, सरासरी ६५५. यात फराळाचा एकही दर नाही, आणि तरी ६५५ हा फराळाचा दर म्हणून सहज खपून जातो.

एक्सेल इथे फारच मवाळ आहे. तिसऱ्या रेंजचा फक्त वरचा पहिला सेल ते पाहतं आणि तिथून पुढे पहिल्या रेंजच्या मापाने मोजत जातं. त्यामुळे चुकून C2:C5 लिहिलं तरी उत्तर ५५० च येईल. AVERAGEIFS मात्र मापं जुळली नाहीत तर #VALUE! देतं. माझ्या मते तेच बरं आहे.

मग आलेली सरासरी बरोबर आहे हे ओळखायचं कसं?

सरासरीकडे बघून ते कळत नाही. तिच्या शेजारी भाजक मांडा. आमच्या शीटमध्ये H च्या बाजूला आणखी दोन कॉलम कायम असतात. I मध्ये त्या प्रकाराच्या ओळी किती, आणि J मध्ये त्यातल्या किती ओळींत दर खरोखर आकडा म्हणून आहे:

```
=COUNTIF($A$2:$A$11,G2)
=SUMPRODUCT(($A$2:$A$11=G2)*ISNUMBER($C$2:$C$11))
```

फराळासमोर ४ आणि ४ दिसलं पाहिजे. I कॉलमची बेरीज एकूण ओळींइतकी, म्हणजे इथे १०, भरली पाहिजे. ती ९ भरली तर एक ओळ कुठल्याच प्रकारात बसलेली नाही. बेरीज १० आहे पण एखाद्या प्रकारात J हा I पेक्षा कमी आहे, तर प्रकाराचं नाव ठीक आहे, दराच्या सेलमध्ये काहीतरी बिघडलंय. पुढच्या तीन प्रश्नांतले बहुतेक दोष मी याच दोन आकड्यांवरून पकडते.

फराळासमोर ४ ऐवजी ३ येतात. शीटमध्ये तर चारही ओळी दिसतात!

डोळ्यांना दिसतात, शीटला नाही. नवव्या ओळीत "फराळ" नंतर एक स्पेस पडली असेल तर ते शीटसाठी वेगळंच नाव झालं. अनारसे गळतात, उरलेल्या तिघांची सरासरी ४९३.३३ येते. मोबाइलचा कीबोर्ड सुचवलेला शब्द टाकताना मागे स्पेस सोडतो, त्यामुळे आमच्याकडे हे दर आठवड्याला होतं.

संशय आला की शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये `=LEN(A9)` लिहून बघा. फ, र, काना आणि ळ मिळून "फराळ" ची लांबी ४ आहे. ५ आली तर मागे-पुढे काहीतरी चिकटलंय. साधी स्पेस TRIM ने जाते. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात कधी वेगळ्या जातीची स्पेस असते, तिला TRIM हात लावत नाही, तिच्यासाठी हे:

```
=TRIM(SUBSTITUTE(A9,CHAR(160)," "))
```

दुसरं कारण आपली मराठी. एकीने "लोणची" लिहिलं, दुसरीने "लोणचे", तिसरीने "लोणचं". तिन्ही बरोबर, पण शीटसाठी तीन प्रकार. इंग्रजी नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक AVERAGEIF मानत नाही, मात्रा आणि अनुस्वाराला अशी सूट नाही. यावर पक्का उपाय म्हणजे नाव टाइपच करू न देणं. A कॉलम निवडा, Data मधून Data Validation, त्यात List, आणि यादी म्हणून $G$2:$G$5 द्या. आता प्रत्येक सेलमध्ये चार नावांतून एक निवडायचं, बस. हे केल्यापासून माझे निम्मे फोन बंद झाले.

मी प्रकाराचे सेल मर्ज करून छान मांडणी केली, तर फराळाची सरासरी एकाच वस्तूचा दर दाखवते.

कागदावर छापायला ती मांडणी सुरेखच दिसते. पण मर्ज केलेल्या चार सेलांपैकी नाव फक्त सगळ्यात वरच्या सेलमध्ये असतं, खालचे तीन रिकामे. म्हणून एकच ओळ जुळते आणि I कॉलममध्ये १ दिसतो.

मर्ज काढा. मग A कॉलमचा तेवढा भाग निवडून Ctrl+G, Special, Blanks असं केलं की फक्त रिकामे सेल निवडलेले राहतात. तसेच ठेवून = दाबा, वर जाणारा बाण दाबा आणि Ctrl+Enter. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये वरचं नाव उतरतं. शेवटी तो कॉलम कॉपी करून त्याच जागी फक्त व्हॅल्यू म्हणून चिकटवा, नाहीतर पुढे क्रम बदलला की नावं भलतीकडे जातील.

दर रिकामा ठेवला काय आणि शून्य टाकला काय, एकच ना?

अजिबात नाही. अनारशांचा दर अजून ठरला नाही म्हणून सेल रिकामा ठेवलात तर ती ओळ मोजलीच जात नाही: १,४८० भागिले ३, म्हणजे ४९३.३३. तिथे 0 लिहिलात तर बेरीज तीच १,४८०, पण भागिले ४, म्हणजे ३७०. फराळ किलोमागे सव्वाशे रुपयांनी स्वस्त झाला, तोही एका शून्याने. "माहीत नाही" याला रिकामा सेल. शून्य फक्त जिथे खरोखर फुकट दिलं तिथे.

आलेली शीट आधीच शून्यांनी भरलेली असेल तर ती अशी वगळा:

```
=AVERAGEIFS($C$2:$C$11,$A$2:$A$11,G2,$C$2:$C$11,">0")
```

तिसरी गोष्ट आपल्या सवयीची. पावतीवर लिहितो तसं "720/-" किंवा "720 रु." सेलमध्ये लिहिलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि AVERAGEIF त्याला रिकाम्यासारखंच सोडून देतं. ओळखायची खूण अशी की आकडे सेलमध्ये उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. सगळे दर मधोमध आणून ठेवले असतील तर ही खूण पुसली जाते, म्हणून दराच्या कॉलमची मांडणी बदलू नका. Ctrl+H ने "/-" शोधून त्याच्या जागी काहीही न टाकता बदललं की आकडे परत आकडे होतात. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर ते सेलच्या फॉरमॅटमधून द्या.

#DIV/0! आलं. काय बिघडलं?

भागायला एकही आकडा मिळाला नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्या नावाची ओळच नाही, किंवा ओळी आहेत पण सगळे दर रिकामे किंवा मजकूर आहेत, किंवा G चा सेलच रिकामा आहे. I आणि J बघितले की यातलं कुठलं ते लगेच कळतं.

हा एरर झाकायला IFERROR लावून शून्य दाखवू नका. तो शून्य पुढे कुणीतरी खरा धरतं. आम्ही असं लिहितो:

```
=IF(J2=0,"आकडा नाही",AVERAGEIF($A$2:$A$11,G2,$C$2:$C$11))
```

फक्त जास्त खपणाऱ्या फराळाची सरासरी हवी असेल तर?

दोन अटी आल्या की AVERAGEIFS. त्यात क्रम उलटा असतो: दरांचा कॉलम सगळ्यात आधी, मग अटींच्या जोड्या. दहा किलो किंवा त्याहून जास्त गेलेला फराळ:

```
=AVERAGEIFS($C$2:$C$11,$A$2:$A$11,"फराळ",$D$2:$D$11,">=10")
```

चकली आणि चिवडा उरतात, उत्तर ४२०.

फिल्टर लावला तरी सरासरी बदलत नाही.

बदलणार नाही. लपलेल्या ओळीही AVERAGEIF मोजतं. समोर दिसतात तेवढ्याच ओळी हव्या असतील तर `=SUBTOTAL(101,C2:C11)`.

फॉर्म्युला बरोबर, ओळी बरोबर, तरी पैसे कमी आले. असं कसं?

हा प्रश्न आधी मीच स्वतःला विचारला होता. फराळाचा सरासरी दर ५५०, आणखी पन्नास किलोची ऑर्डर होती, म्हणजे २७,५०० येतील असं मी वहीत लिहिलं. त्या भरवशावर डबे आणि पिशव्या आधीच घेतल्या. माल पूर्वीच्याच प्रमाणात गेला आणि हातात आले २३,२००. चार हजार तीनशे रुपये कमी, आणि ते मला माझ्या मैत्रिणींना समजावून सांगायचे होते.

५५० चूक नव्हतं. ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होतं. AVERAGEIF प्रत्येक ओळीला एक मत देतं. वीस किलो खपलेल्या चिवड्याला एक मत आणि दोन किलो खपलेल्या अनारशांनाही एकच. अनारशांचे ७२० सरासरीला वर ओढतात, पण गिऱ्हाइकाच्या पिशवीत ते जवळजवळ नसतातच. मला हवा होता विकलेल्या प्रत्येक किलोमागचा दर, आणि त्याचा भाजक ओळी नाही, किलो असतो. फराळाची एकूण रक्कम १८,५६०, एकूण किलो ४०, म्हणजे ४६४. पन्नास किलोंचे बरोबर २३,२००.

```
=SUMIF($A$2:$A$11,G2,$E$2:$E$11)/SUMIF($A$2:$A$11,G2,$D$2:$D$11)
```

शाळेच्या पुस्तकात याला भारित सरासरी म्हणतात. बाकीच्या प्रकारांचं असं होतं: मसाले ७६६.६७ चे ७२०, पीठ २६० चे २१२. लोणची दोन्हीकडे ३२०, कारण वस्तू एकच आहे. स्वस्त वस्तू जास्त खपत असेल तर किलोमागचा दर AVERAGEIF पेक्षा खाली येतो, महाग वस्तू जास्त खपत असेल तर वर जातो. दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे खप किती एकीकडे झुकलाय त्याची खूण. फराळात ते अंतर ८६ रुपयांचं आहे, आणि त्यातलं बरंचसं एकट्या चिवड्यामुळे. लालबागच्या चिवडा गल्लीपासून इतक्या जवळ राहून चिवडाच सर्वांत जास्त खपतो हे मला आधीच दिसायला हवं होतं.

चार प्रकारांच्या चार सरासऱ्यांची सरासरी काढली तर सगळ्या मालाची सरासरी मिळेल ना?

करून बघा. ५५०, ३२०, ७६६.६७ आणि २६० यांची सरासरी ४७४.१७ येते. पण C कॉलमची थेट सरासरी आहे ५३४. फरक का, तर पहिल्या रीतीत एका ओळीच्या लोणच्याला चार ओळींच्या फराळाइतकंच वजन मिळालं. आणि सगळ्या मालाचा किलोमागचा दर हवा असेल तर तो तिसराच: ३४,१४० भागिले ७५, म्हणजे ४५५.२०. प्रकारांच्या सरासऱ्या एकमेकींशेजारी ठेवून तुलना करा, त्यांची पुन्हा सरासरी काढू नका. एकूण आकडा नेहमी मूळ ओळींवरूनच काढा.

मग दरांसाठी AVERAGEIF वापरायचंच नाही का?

वापरायचं, जिथे एक ओळ म्हणजे खरोखर एक समान गोष्ट असते तिथे. आमच्या दरपत्रकात "मसाल्यांच्या यादीतला सरासरी दर काय" असं विचारलं तर ७६६.६७ हेच उत्तर, कारण प्रश्न यादीबद्दल आहे, खपाबद्दल नाही. दुसरी शीट आम्ही ऑर्डरींची ठेवतो: एक ऑर्डर, एक ओळ, प्रकार आणि पोचवायला लागलेली मिनिटं. फराळाच्या ऑर्डरला परळहून सरासरी किती वेळ लागतो हे तिथे AVERAGEIF सरळ सांगतं, कारण तिथे भाजक ऑर्डरी आहेत आणि मला ऑर्डरींबद्दलच जाणून घ्यायचंय. म्हणून हल्ली मी शीर्षकातच भाजक लिहिते. H1 मध्ये "सरासरी दर (वस्तूमागे)", K1 मध्ये "सरासरी दर (किलोमागे)". नुसतं "सरासरी दर" असा कॉलम आता आमच्या शीटमध्ये नाही.